लागू न पडलेली गोळी

मी सात वर्षांची असताना आप्पांनी टेंभुर्णीच्या चौकातलं एक लिंबू उचललं. कोणीतरी कुंकू लावून, टाचण्या टोचून, उतरवून टाकलेलं. बाजाराचा दिवस होता, माणसं जमली. आप्पांनी टाचण्या काढल्या, लिंबू धुतलं, पेल्यात पिळलं, साखर घातली. अर्धं सरबत स्वतः प्यायले आणि अर्धं मला दिलं. मी पेला रिकामा करून सगळ्यांना उलटा धरून दाखवला. दुसऱ्या दिवशी आप्पा मला हाताला धरून गावभर फिरवून आणत होते, ‘बघा, पोरगी ठणठणीत आहे.’

मला कधी कशाचा इतका अभिमान वाटला नव्हता. माझं अंग हा पुरावा होता.

आप्पा शाळामास्तर होते आणि पत्रकं काढायचे. अंगात येण्यावर, सर्पदंशावर, हुंड्यावर, जातीवर. आमच्या घरात देव नव्हते, पत्रकांचे गठ्ठे होते. मी अक्षरं त्यांवरूनच शिकले. ‘माणूस आतून सारखाच’ हे मी वाचलेलं पहिलं पूर्ण वाक्य. आणि प्रत्येक पत्रकाच्या तळाशी ठरलेली ओळ असायची, ‘स्वतः तपासा, मगच माना.’ ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती पत्रकं वाटताना लाजायची, गठ्ठा ओढणीखाली घ्यायची. मी बेंबीच्या देठापासून ओरडून वाटायचे. आई असती तर तिनं दोघींना वेगवेगळं वाढवलं असतं कदाचित. ती मी नववीत असताना गेली.

पुढे मी फार्मसीची पदविका घेतली आणि गावात मेडिकल टाकलं. ताईचं लग्न शहागडला झालं. आप्पा निवृत्त झाले. दुकानाच्या काचेवर मी स्वतःच्या अक्षरात कागद लावला: ‘खोकल्याचं नशेचं औषध चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. वाद घालू नये.’ वाद घालणारे यायचेच. ‘मागच्या बाटलीनं काहीच फरक पडला न्हाई, अजून एक द्या’ असं म्हणणाऱ्या माणसाला मी सगळ्यांच्या देखत विचारायचे, ‘फरक म्हणजे कसला फरक पाहिजे तुम्हाला?’ माणसं मान खाली घालून जायची. मला बरं वाटायचं. त्यांतल्या एखाद्याला खरंच फरक पडला नसेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर जालन्याहून माल घेऊन येताना माझी स्कूटी घसरली आणि खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं. नवीन जालन्यात स्टेशनकडच्या एका दवाखान्यात पट्टी टाकून शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवशी इंजेक्शनं बंद झाली आणि डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, कोडीन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या. मला त्या माहीत होत्या. कोडीन अफूच्या घरातलं, म्हणून त्याची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी लागते.

गोळी घेतली आणि वाट पाहत बसले. खांद्यात कोणी पाना घालून पिळतंय असं दुखत होतं. तासाभरानं पिळणं थोडं सैल झालं, मग परत आवळलं. दुसरी गोळी, तिसरी. पाय हलवला तरी खांद्यात कळ जायची. एक पूर्ण पत्ता संपला. साधी पॅरासिटामॉल खाल्ल्यावर जेवढं व्हावं तेवढंच झालं. गुंगी नाही, झोप नाही, काही नाही.

परत जालन्याला गेले. डॉक्टरांनी एक्स-रे वर धरला. ‘हाड बरोबर आहे. गोळी चांगली आहे, सगळ्यांना लागू पडते.’

‘मला पडून नाही राह्यली, सर.’

‘टेन्शन घेता तुम्ही.’ त्यांनी तीच गोळी पुन्हा लिहिली.

बाहेर कंपाउंडर चिठ्ठीवर शिक्का मारता मारता हसला. ‘मॅडम, तुम्ही तं मेडिकलवाल्या. ह्या गोळीची चव कोणाला कशी लागती, ते तुम्हाला आम्ही काय सांगावं?’

 काचेवरचा माझा कागद आठवला. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. रागानं माझे कान तापले होते, पण तो राग कोणावर आहे ते कळत नव्हतं.

घरी आप्पांना सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, ‘औषधाला माणूस कळत न्हाई बाळा. जे सगळ्यांना चालतं ते तुलाही चालंल. मन जरा घट्ट कर.’ आप्पांनी आयुष्यभर लोकांना हेच सांगितलं होतं आणि मी ते लोकांना ओरडून सांगितलं होतं. त्यांच्यावर चिडायलाही जागा नव्हती. त्यानंतर मी दुखण्याबद्दल बोलणंच बंद केलं. दुपारी दुकान बंद करून मी उताणी पडायचे आणि वरच्या पत्र्याचे खिळे मोजायचे. दुखणारं माणूस एकटं असतं हे सगळेच म्हणतात. पण ज्याच्या दुखण्यावर घरच्यांचा विश्वास नसतो, त्याला स्वतःचीही सोबत उरत नाही. मलाच वाटायला लागलं, मी खोटी आहे का?

दुसऱ्या पत्त्यातल्या दोन गोळ्या खाऊन मी तो ड्रॉवरमध्ये टाकून दिला. मनाशी ठरवलं, ही गोळी म्हणजे खडू.

हाड जुळत आलं तेव्हा ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आई नव्हती, तरी रीत म्हणून आली. जालन्यात सिझेरियन झालं, मुलगी झाली. सहाव्या दिवशी मायलेकी घरी आल्या. घर एकदम भरल्यासारखं वाटलं. दोरीवर लंगोट, चुलीवर मेथीचा वास, आप्पा दारात उगीच उभे. मी ताईच्या उशाशी बसून तिला डाव्या हातानं शिरा भरवत होते, तेव्हा ती म्हणाली, ‘तू आईसारखी घास मोठा करतीस.’ मला फार वर्षांनी कोणी आईसारखी म्हटलं होतं.

दवाखान्यानं दिलेल्या दुखण्याच्या गोळीनं तिच्या पोटात आग पडत होती. टाके ओढत होते. उठताना ती ओठ चावायची. तिला तसं बघून मला माझी खिळे मोजलेली दुपार आठवली.

‘डॉक्टरला फोन लावू का?’ मी विचारलं.

‘तू आहेस ना घरात डॉक्टर. तुझ्याकडं दुसरं काही न्हाई का?’

मी ड्रॉवर उघडला. पत्ता हातात घेतला. गोळी दूध पाजणाऱ्या बाईला द्यायची नाही, असं नव्या खोक्यातल्या माहितीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पण मेडिकलमध्ये पत्ते सुटे निघतात आणि ते कागद आम्ही खोक्यासकट फेकून देतो. मी स्वतः रोज फेकते. पदविकेला कधीतरी वाचलेलं मनात आलंही. पण त्याच्यापुढे माझं अंग पुरावा म्हणून उभं होतं. मी बारा गोळ्या खाल्ल्या होत्या आणि मला काही झालं नव्हतं.

‘एकदम हलकी आहे,’ मी ताईला सांगितलं. ‘मी पत्ताभर खाल्ली. झाली तर मदतच होईल.’

चौकातल्या लिंबाचं ते सरबतच जणू मी तिला दिलं.

तासाभरात ताईचा चेहरा सैल झाला. ‘अगं, जादू हाय ही,’ ती म्हणाली. ‘तू म्हणत होतीस लागू पडत न्हाई.’ मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही. म्हणजे गोळी चांगली होती, मीच रडकी होते. दिवसातून तीन गोळ्या मी तिला देत राहिले. ती झोपायची. उठली की डोकं गरगरतं म्हणायची, एकदा ओकली. बाळंतीण आहे, थकणारच, असं आम्ही सगळे म्हणालो.

बाळ फार शांत होतं. बघायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, ‘किती गरीब लेकरू! रडणं न्हाई, ओरडणं न्हाई.’ ताई अर्धवट डोळ्यांनी हसायची.

बाळाला न्हाऊ घालायला एक म्हातारी यायची. गावातली निम्मी माणसं तिनं पायांवर घेतलेली, मलाही. पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं होतं: कानात तेल नाही, नाकात फुंकायचं नाही, धुरी नाही. ती म्हणाली होती, ‘बरं बाई. तुझ्या कागदात लिव्हलंय तसं करू. न्हाऊ तरी घालू का, का तेबी कागदावरच?’

गोळ्या सुरू होऊन तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाळाला पायांवर घेऊन पाणी ओतलं आणि थांबली. तांब्या खाली ठेवला.

‘हे लेकरू पाण्याला भिईना.’

‘चांगलंय की,’ मी म्हणाले.

‘काय चांगलंय? परवा घर डोक्यावर घेतल्तं. आज बघ, पाय कसे पडले. दृष्ट लागली बिलकुल. मीठ-मिरच्या आण.’

मीठ-मिरच्या हे शब्द ऐकल्यावर मला पुढचं ऐकू आलं नाही. मी तिला उभ्या उभ्या व्याख्यान दिलं. नजरेत किरण असतात का, नजर मोजायचं यंत्र आहे का, आप्पांच्या पत्रकातलं सगळं. ती बाळाचं अंग पुसत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, ‘दृष्ट नसंल तर नसू दे. मंग दुसरं कायतरी हाय. ते तू हुडक. शिकलेली हायेस ना?’

ती गेली. तिच्या बोलण्यात एक गोष्ट चूक होती आणि एक बरोबर. जी चूक होती, तिच्याशी भांडून मी जिंकले होते. जी बरोबर होती, ती तशीच घरात पडून राहिली.

दुपारी ताईला उठवलं, बाळाला पाजायला. ताई बसल्या बसल्या पेंगत होती. बाळानं तोंड उघडलं नाही. मी त्याच्या ओठाला बोट लावलं, ओठ नुसते हलले. सकाळपासून लंगोट कोरडा होता. मी बाळाला मांडीवर घेतलं आणि छातीकडे बघत बसले. छाती वर आली. खाली गेली. मग मी वाट पाहिली. फार वेळ वाट पाहिली. मोबाइलमधलं घड्याळ लावून मोजलं. एका मिनिटात चौदा श्वास. तान्ह्या बाळाचे चाळीसच्या वर असतात.

मी ताईच्या डोळ्यांची पापणी उघडून पाहिली. भर दुपार होती, पण घरात अंधारल्यासारखा उजेड होता, बाहुली मोठी असायला हवी होती. ती टाचणीच्या टोकाएवढी होती. बाळाचीही तशीच.

अफूची खूण. पदविकेला शिकवतात.

‘आप्पा, गाडी बघा!’ मी ओरडले. ‘आत्ता. बाळ मरून राह्यलंय.’

शेजारच्या जीपमधून आम्ही आधी गावच्या आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या नर्सनं बाळाच्या तोंडावर मास्क धरून फुग्यानं श्वास दिला आणि रुग्णवाहिका मागवली. मग जालना. सगळ्या रस्त्यानं मी बाळाच्या तळव्यावर टिचक्या मारत होते आणि ते प्रत्येक टिचकीला एक श्वास घेत होतं. थांबले की तेही थांबायचं. ताई समोर पट्ट्यानं बांधून बसवली होती, मान डुलत होती. मधेच डोळे उघडून तिनं विचारलं, ‘काय करतीस गं तिला? मारू नको.’

सरकारी दवाखान्यात नवजात बाळांच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं साखर तपासली, जंतुसंसर्गासाठी रक्त काढलं आणि न वळताच विचारलं, ‘आईला काय चालू आहे?’

‘वेदनाशामक.’

‘नाव सांगा.’

आयुष्यात मला एखादा शब्द बोलायला इतका वेळ लागला नसेल. ‘कोडीन,’ मी म्हणाले. ‘मी दिलं. मी फार्मासिस्ट आहे.’

ती वळली. एकदा माझ्याकडे पाहिलं, मग नर्सला म्हणाली, ‘नॅलोक्सोन भरा.’ अफूवरचा उतारा.

इंजेक्शन दिल्यावर पहिल्या मिनिटात काहीच झालं नाही. मग बाळाची छाती उचलली, परत उचलली, हात आक्रसले आणि ते रडलं. किरटं, चिडकं रडणं. आप्पा काचेबाहेर भिंतीला धरून खाली बसले. डॉक्टरीण म्हणाली, ‘खूश होऊ नका. हे औषध लवकर उतरतं, कोडीनचं झालेलं मॉर्फीन अंगात मागे राहतं. परत द्यावं लागेल.’ दोनदा परत द्यावं लागलं. ताईलाही वरच्या वॉर्डात नजरेखाली ठेवलं. तिचं दूध काढून टाकत होते, बाळाला दवाखान्यातलं पाजत होते.

दुसऱ्या दिवशी बाळ धोक्याबाहेर आलं तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, ‘मी तीच गोळी पत्ताभर खाल्ली होती. मला काही झालं नाही. मग हिला कसं?’

‘तुमचं दुखणं थांबलं होतं?’

‘नाही.’

‘मग झालं की,’ त्या म्हणाल्या. त्यांनी एका रिकाम्या फॉर्मच्या मागे पेननं बाण काढला. कोडीन स्वतः फारसं काही करत नाही. यकृतातलं एक एन्झाइम त्यातल्या थोड्या भागाचं मॉर्फीन करतं, आणि वेदना थांबवतं ते मॉर्फीन. हे एन्झाइम बनवण्याचा जनुक आपल्याला आईकडून एक आणि बापाकडून एक असा मिळतो. कोणाच्या दोन्ही प्रती निकामी असतात. त्यांनी कितीही गोळ्या खाल्ल्या तरी मॉर्फीन जवळपास होतच नाही. कोणाकडे चांगल्या प्रतीच जास्त असतात. त्यांच्या अंगात नेहमीच्या डोसातून भलतंच मॉर्फीन होतं, तेही भराभर. ते दुधात उतरतं, आणि आठ-दहा दिवसांच्या बाळाच्या यकृताला ते बाहेर टाकता येत नाही. साचत जातं.

‘पण आम्ही सख्ख्या बहिणी आहोत,’ मी म्हणाले.

‘सख्ख्या बहिणींना तरी वाटणी सारखी कुठे येते?’ त्या उठल्या. ‘आणि एक. तुम्ही त्या डॉक्टरांना खोटं सांगत नव्हता. एवढं लक्षात ठेवा.’

कितीतरी आठवडे मी कोणाच्या तोंडून हे वाक्य ऐकायला तरसले होते. ते मिळालं तेव्हा काचेपलीकडे नाकात नळी घातलेलं बाळ होतं. मला त्या वाक्याचं काहीच करता आलं नाही.

त्यांच्या ओळखीनं आम्हा दोघींचं रक्त पुण्याच्या प्रयोगशाळेत गेलं. अहवाल काही आठवड्यांनी आला. माझ्या दोन्ही प्रती निकामी. ताईकडे तीन प्रती, तिन्ही चालू. आई आणि आप्पा दोघांकडे एकेक निकामी प्रत असणार आणि त्या दोन्ही माझ्या वाट्याला आल्या. दोघांकडच्या चांगल्या ताईला गेल्या, त्यातली एक दुहेरी. आई-आप्पांना स्वतःला याची खबरही लागली नसती.

आप्पांनी अहवाल तीनदा वाचला. ‘म्हणजे माणूस आतून सारखा न्हाई, असं लोक म्हणतील,’ ते हळूच म्हणाले. ‘जातीवाल्यांना आयतंच सापडंल.’

‘काय सापडंल?’ मी इतक्या जोरात म्हणाले की शेजारचं दार उघडलं. ‘एका आईच्या पोटच्या, एका ताटात जेवलेल्या दोघी. ह्यात जात कुठून आली? हक्क सारखा पाहिजे असं लिहा आप्पा. दुखणाऱ्याचं ऐकून घ्यायचा हक्क. अंग सारखं आहे असं लिहू नका. मी त्याच्यावरच विश्वास ठेवला.’

 आप्पांनी कागदाची घडी केली आणि हातातच धरून बसले.

ताई तोवर गेली होती. सव्वा महिना व्हायच्या आधीच दाजी येऊन दोघींना शहागडला घेऊन गेले. भांडण झालं नाही. दाजी चहासुद्धा प्यायले. गाडीत बसताना मी बाळाला घ्यायला हात पुढे केले. ताईनं माझ्याकडे पाहिलं, शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं असं पाहिलं, आणि बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. ‘उशीर होऊन राह्यला,’ ती म्हणाली.

मी अहवाल आल्यावर तिला कार्ड करून पाठवलं: कोडीन नको, अंगात तसंच बदलणारं ट्रॅमाडॉल नको, कुठल्याही डॉक्टरला आधी हे दाखव. खाली मुलीसाठी वेगळी ओळ, तीही कदाचित अशीच असेल, तिचंही सांभाळून. उत्तर आलं नाही. फोन लावला की दाजी उचलायचे. ‘झोपल्यात दोघी,’ म्हणायचे. काचेवरचा कागद मी काढून टाकला. चिठ्ठीशिवाय औषध अजूनही देत नाही. पण कोणी ‘फरक पडला न्हाई’ म्हटलं की आता स्टूल पुढे करते आणि विचारते, कुठे दुखतं, कधीपासून, गोळीनं झोप तरी आली का. दोन जणांना मी स्वतः डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून जालन्याला पाठवलं. एकाचं औषध बदललं. दुसरा नशेचाच होता, वाटेतूनच दुसऱ्या दुकानात गेला. हरकत नाही.

परवा सकाळी दुकानात फोन वाजला. ताईचा स्वतःचा नंबर. पाठीमागे ट्रकचे हॉर्न वाजत होते.

‘दाढ काढली,’ ती म्हणाली. तोंडात कापूस असल्यासारखा आवाज. ‘डॉक्टरनं गोळी लिहिली. मी कार्ड दाखवलं तर म्हणतो, असलं काही नसतं. नाव वाचून दाखवू का?’

‘वाच.’

तिनं अक्षर अक्षर जुळवत वाचलं. त्यात ट्रॅमाडॉल होतं.

‘नको,’ मी म्हणाले. ‘बिलकुल नको. नुसती पॅरासिटामॉल घे. पुरली नाही तर त्याच्याकडूनच दुसरी लिहून घे, घाबरू नको, दुखतंय म्हणून सांग.’

‘बरं.’

 मला विचारायचं होतं, लेक किती मोठी झाली, बसते का, कोणासारखी दिसते.  तिलाही काही म्हणायचं असावं, कारण तिनं लगेच ठेवला नाही. एक ट्रक गेला. दुसरा गेला.

‘ठेवते,’ ताई म्हणाली, आणि ठेवला.